विनोदाची वर्गणी

३१ मे ला आमच्या कार्यालयात समोसे कमी पडतात. कारण साधं आहे. आमच्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ही सगळी १ जूनवाली मंडळी एकाच दुपारी, शाल आणि श्रीफळ घेऊन, एकाच सभागृहातून घरी जातात. एका वर्षी आमच्याकडे पाच जणांचा निरोप एकत्र होता. प्रत्येकाला वीस मिनिटं, त्यात पुष्पगुच्छ, मनोगत, सत्कारमूर्तींचं उत्तर आणि अलीकडे ‘रोस्ट’.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चोवीस वर्षं काढली आहेत आणि त्यातली निदान पंधरा वर्षं अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलेलं आहे. त्या अनुभवावर माझं मत बनलं आहे, आणि ते तरुण सहकाऱ्यांना फारसं रुचत नाही. साहेबांच्या निरोपाला कनिष्ठांकडून साहेबांची टर उडवून घेणं ही मोकळेपणाची खूण नाही. ती एक वर्गणी आहे. देणाऱ्याला परवडते की नाही हे न विचारता गोळा केलेली.

वर्गणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मध्ये चौदावा नियम आहे. सरकारी नोकराने स्वतःच्या सन्मानार्थ मानपत्रं, सभा, समारंभ परवानगीशिवाय स्वीकारू नयेत असं तो सांगतो. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप तेवढा चालतो. पण त्याला एक पुस्ती जोडलेली आहे. अशा निरोपासाठीसुद्धा कुणावर वर्गणी देण्याचा दबाव आणायचा नाही, आणि वरच्या वर्गातल्या अधिकाऱ्याच्या पाहुणचारासाठी तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून कुठल्याही परिस्थितीत पैसे गोळा करायचे नाहीत. ‘कुठल्याही परिस्थितीत’ हे त्यातले शब्द महत्त्वाचे. म्हणजे शिपायाने स्वखुशीने शंभर रुपये पुढे केले तरी घ्यायचे नाहीत. का? कारण ज्याच्या हातात तुमची रजा, तुमची बदली आणि तुमचा अहवाल आहे त्याच्या बाबतीत ‘स्वखुशी’ नावाची गोष्ट तपासता येत नाही, हे नियम करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

मग तोच शिपाई, तोच लिपिक माईकवर उभा करून “बोल रे, आज सगळं माफ आहे” म्हणताना ती अडचण आपल्याला दिसेनाशी का होते? शंभराची नोट परत करता येते. भर सभेत बोललेलं वाक्य परत कसं करणार?

याचं एक उदाहरण तपशिलात सांगतो. माणसांची आणि कार्यालयाची ओळख पुसून सांगतो, पण घडलं ते असंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक सहकारी होता. तोंडाचा गोड, नकला उत्तम करायचा, दुपारच्या डब्याला त्याच्याशिवाय मजा नाही. आमच्या विभागाचे अधिकारी ३१ मेला निवृत्त होणार होते. त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. कुठलीही फाईल वर गेली की तिच्यावर ‘कृपया चर्चा करा’ असा शेरा घेऊन ती खाली यायची. चर्चा व्हायची, फाईल पुन्हा वर जायची, पुन्हा तोच शेरा. निरोपाच्या आठवडाभर आधी ठरलं की या सहकाऱ्याने साहेबांचं रोस्ट करायचं. त्याने स्वतः मागितलं नव्हतं. वर्गणी जमवणाऱ्या मंडळींनी त्याचं नाव लिहून टाकलं आणि तो नाही म्हणाला नाही, एवढंच.

सुरुवात झकास झाली. “वहिनी सकाळी विचारतात, आज भाजी काय करू? साहेब चष्मा लावतात, पिशवी बघतात आणि लिहितात, कृपया चर्चा करा.” सभागृह हसलं, साहेब हसले, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी तर पदर तोंडाला लावून हसल्या. टाळ्या मिळाल्या की माणूस लिहून आणलेल्या कागदाच्या पुढे जातो. हा गेला. म्हणाला, “पण एक फाईल मात्र साहेबांनी चर्चेशिवाय, एका दिवसात सोडली होती बरं का! कुठली ते साहेबांना विचारा.”

त्याच्या डोक्यात होती ती साहेबांच्या केबिनमधल्या एसीच्या दुरुस्तीची फाईल. मे महिन्यातला एसी, त्यामुळे घाई; विनोद तेवढाच होता. आम्हा चार-सहा जणांना तो कळलाही. पण पहिल्या रांगेत वरच्या कार्यालयातून आलेले मोठे अधिकारी होते, आणि १ जूनपासून साहेबांच्या खुर्चीवर बसणारे नवे अधिकारी त्यांच्या शेजारी होते. एसीची गोष्ट त्या दोघांना माहीत असायचं कारण नव्हतं. सरकारी कार्यालयात ‘एक फाईल एका दिवसात सुटली’ या वाक्याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ एसीचा नाही. हशा अर्ध्यातच विरला. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. वहिनींनी आधी साहेबांकडे बघितलं, मग समोर. माईकवरच्या माणसाला काय झालं ते कळलंच नाही. त्याने आवाज वाढवून पुढचा किस्सा सुरू केला. फसलेल्या विनोदाचं हे नेहमीचं लक्षण. हसू आलं नाही की वक्ता थांबत नाही, जोर लावतो.

आता कॅलेंडरकडे बघू. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमच्याकडे वर्षभराच्या कामाचा अहवाल, ज्याला जुने लोक अजून ‘सीआर’ म्हणतात आणि कागदोपत्री एपीएआर म्हणतात, तो आर्थिक वर्षाचा असतो. ३१ मार्चला वर्ष संपतं. साधारण १५ एप्रिलपर्यंत कर्मचारी स्वतःच्या कामाचा गोषवारा भरून देतो. त्यानंतर त्याच्या अधिकाऱ्याला गुण देऊन तो वर पाठवायला ३० जूनपर्यंत मुदत असते. ३१ मे नेमका या दोन तारखांच्या मध्ये येतो. शिवाय अहवाल लिहिणारा अधिकारी निवृत्त झाला तरी निवृत्तीनंतर महिनाभर त्याला हाताखालच्यांचे अहवाल लिहिण्याची मुभा असते. याचा अर्थ असा की ज्या दुपारी आपण “साहेब आता आपलेच, आता कसली भीती” म्हणून टाळ्या वाजवत असतो, त्या दुपारी आपला कोरा अहवाल त्याच साहेबांच्या टेबलावर, किंवा हल्ली त्यांच्या लॉगिनमध्ये, पडलेला असू शकतो. शालीची घडी मोडायच्या आत ते तो लिहू शकतात.

आणि तो कसा लिहिला जातो? गुण एक ते दहा. नेमून दिलेलं काम किती पार पाडलं याला चाळीस टक्के वजन, कामातल्या क्षमतेला तीस टक्के आणि व्यक्तिगत गुणांना तीस टक्के. या शेवटच्या तीस टक्क्यांत काय येतं ते वाचण्यासारखं आहे: कामाकडे बघण्याची वृत्ती, जबाबदारीची जाणीव, शिस्त, संवादकौशल्य, सहकाऱ्यांशी संबंध, असलं सगळं. पहिले सत्तर टक्के निदान फाईलींच्या संख्येने सिद्ध करता येतात. हे तीस टक्के साहेबांच्या मनात असतात.

समजा एका माणसाला तिन्ही भागांत साडेसहा-साडेसहा मिळायचे होते. एकूण ६.५, म्हणजे ‘अतिउत्तम’, कारण ती श्रेणी सहापासून सुरू होते. आता फक्त व्यक्तिगत गुणांचा भाग साडेसहावरून साडेचारवर आणा, बाकी कशाला हात लावू नका. चाळीस टक्क्यांचे २.६०, तीस टक्क्यांचे १.९५ आणि उरलेल्या तीस टक्क्यांचे १.३५. बेरीज ५.९. श्रेणी ‘उत्तम’. ऐकायला काही वाईट नाही; घरी सांगितलं तर बायको पेढे आणेल. पण दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या आर्थिक पदोन्नतीसाठी, म्हणजे आमच्या भाषेत एमएसीपीसाठी, २०१६ पासून ‘अतिउत्तम’ हा निकष आहे. एक दशांश गुणाने माणूस त्याच्या खाली येतो. यातली खुबी अशी की एक-दोन गुण दिले किंवा नऊ-दहा दिले तर अधिकाऱ्याने कारण लिहावं अशी अपेक्षा असते. साडेचारला कुणी कारण विचारत नाही.

माझ्या त्या सहकाऱ्याला त्या वर्षी ५.९ आले. वीस वर्षांच्या एमएसीपीचं प्रकरण दीड वर्षावर होतं.

अहवाल कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो. प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं, आणि नोंद कळल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते. तो माझ्याकडे अर्जाचा मसुदा घेऊन आला. आम्ही दोघं कँटीनमध्ये तासभर बसलो. लिहायचं काय? ‘मी विनोद केला म्हणून मला कमी गुण दिले’? याला पुरावा काय? उलट ‘विनोद’ हा शब्द लिहिला की तो विनोद कुठला, असा प्रश्न आलाच, आणि मग ते एका दिवसात सुटलेल्या फाईलीचं वाक्य सरकारी कागदावर कायमचं छापलं जाणार. शेवटी त्याने निकाली काढलेल्या प्रकरणांचा तक्ता जोडून साधा अर्ज दिला. गुण बदलले नाहीत.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की साहेबांनी ते गुण रागाने दिले असं मी म्हणू शकत नाही. कदाचित ते तेवढेच देणार होते. तो उशिरा यायचा, हेही खरं होतं. पण मला सत्तेची विषमता म्हणून जी दाखवायची आहे ती नेमकी इथे आहे. साहेबांचा डूख सिद्ध होत नाही आणि साहेबांचा मोठेपणाही सिद्ध होत नाही. तो माणूस मात्र आजही, विषय निघाला की, “त्या एसीने माझं वाटोळं केलं” म्हणतो. त्याला कारण शोधता येत नाही आणि विसरताही येत नाही. वरच्याने खालच्याची चेष्टा केली तर ती दुसऱ्या दिवशी संपते. खालच्याने वरच्याची केली तर तिचा हिशोब कुणाच्या वहीत, कधी मांडला जाईल हे त्याला ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, हे सरकारी झालं, आमच्या कंपनीत तसलं काही नाही. तिथे साहेब निवृत्त होत नाहीत, दुसऱ्या कंपनीत जातात, एवढाच फरक. पुण्यात एका क्षेत्रातली माणसं फिरून फिरून त्याच पाच-सात कंपन्यांत भेटतात. आज ज्याची टर उडवली तो दोन वर्षांनी तुमच्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला असतो, किंवा तुमच्याविषयी कुणीतरी त्याला फोन करून विचारतं आणि तो ‘माणूस हुशार आहे’ एवढंच म्हणून एक क्षण थांबतो.

पण मला विचाराल तर निघून जाणाऱ्या साहेबांपेक्षा येणाऱ्या साहेबांची काळजी जास्त करावी. निरोपाच्या सभागृहात सगळ्यांचं लक्ष सत्कारमूर्तीकडे असतं. नवा अधिकारी मात्र प्रेक्षकांकडे बघत असतो. कोण कुणाच्या बाजूचं, कोण काय बोलतं, कुणाच्या बोलण्यावर कोण हसतं. त्याला तुमचं काम अजून माहीत नाही. तुमचं पहिलं दर्शन त्याला माईकवर होतं, आणि त्याच्या मनात एकच नोंद होते: तीन वर्षांनी हा माझ्याविषयी असंच बोलणार. माझ्या त्या सहकाऱ्याला नव्या साहेबांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. फक्त आठ-दहा महिने ते त्याच्याशी दार उघडं ठेवूनच बोलायचे आणि प्रत्येक गोष्ट लेखी मागायचे.

आता समोरची बाजू. आपल्याकडे वरच्याची खोडी काढायची परंपरा जुनी आहे, मग आत्ताच एवढा सोवळेपणा कशाला, असं मला एका तरुण सहकारी मुलीने विचारलं. प्रश्न चांगला आहे. शिमग्याला पाटलाच्या दारात बोंब मारायची मुभा होती. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला भर दरबारात येडं बनवतो. पण या दोन्हींची रचना बघा. शिमग्याची बोंब गर्दीची असते. कुणी मारली ते सांगता येत नाही. सोंगाड्या सोंगात असतो, समोरचा राजा खोटा असतो आणि खरा पाटील प्रेक्षकांत बसून दुसऱ्या कुणाला तरी हसतोय अशा थाटात हसू शकतो. गर्दी किंवा सोंग, खालच्या माणसाला वाचवायला यातलं एक काहीतरी असायचंच. आपल्या निरोपात दोन्ही नाही. एक माणूस, स्वतःच्या नावाने, खऱ्या साहेबांसमोर, आणि तिसऱ्या रांगेतून त्याचं व्हिडिओ शूटिंग चालू. ती वीस सेकंदांची क्लिप संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते तेव्हा आधीची पाच मिनिटांची माया कापली गेलेली असते.

‘रोस्ट’ हा शब्द ज्या प्रकारातून आपल्याकडे आला तिथेही खालचा वरच्याला झोडत नाही. २०१४ च्या डिसेंबरात एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटाचा वरळीतला कार्यक्रम गाजला, त्यावरून तक्रारी झाल्या आणि शब्द घरोघरी पोचला. तिथे व्यासपीठावर कोण होतं? एकमेकांच्या बरोबरीची, एकाच धंद्यातली माणसं. ज्यांची टर उडत होती ती स्वतः तयार होऊन आलेली आणि शेवटी उलट फिरून बोलण्याचा हक्क असलेली. कुणाचा पगार कुणाच्या सहीवर अडलेला नव्हता. आपण तो शब्द उचलला आणि बरोबरी तिथेच ठेवून आलो.

म्हणून माझं म्हणणं असं की निरोपाच्या कार्यक्रमात टर उडवायचीच असेल तर ती साहेबांच्या बॅचच्या माणसांनी उडवावी. त्यांच्याबरोबर परीक्षा दिलेले, खोली वाटून घेतलेले, त्यांना ‘अरे’ म्हणणारे. असे दोघे-तिघे प्रत्येकाला असतात आणि त्यांना बोलावलं तर ते आनंदाने येतात. त्यांच्याकडचा मालही जास्त चांगला असतो. ज्याचा अहवाल साहेब लिहितात त्याच्या हातात टर उडवायला म्हणून माईक देऊ नये. आयोजकांनी यादी करतानाच एवढं पथ्य पाळलं तर निम्मे अपघात टळतील.

तरीही तुमचं नाव यादीत लागलंच, आणि नाही म्हणता येत नसेल, तर? सूत्रसंचालकाच्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगतो.

साहेब स्वतः ज्या गोष्टीवर, चारचौघांत, हसत आलेत तेवढीच गोष्ट घ्यायची. डब्याच्या वेळी आपण ज्यावर हसतो ती नाही. ती ते पहिल्यांदा ऐकणार असतात. छत्री विसरणं, जुनी स्कूटर, न वाचता येणारं अक्षर, चहात साखर किती याची चौकशी: असल्या खोडींची किंमत कुणी मोजलेली नसते. पण दिरंगाई, सही, बिल, बदली, ठेकेदार, रजा नाकारणं, यातला एकही शब्द आला की तो विनोद राहत नाही, तक्रार होते, आणि पहिल्या रांगेतले लोक ती तक्रार म्हणूनच ऐकतात. ‘कृपया चर्चा करा’चा विनोद भाजीपर्यंत होता तोवर घरचा होता. फाईलीवर गेला आणि दप्तरी दाखल झाला.

शरीर, बोलण्याचा हेल, जात, गाव, पिणं, याबद्दल मी लांबण लावत नाही. कुणी वऱ्हाडी बोलतं म्हणून त्यांच्यासमोर वऱ्हाडीची नक्कल करणारा माणूस मला आजवर एकदाही शहाणा वाटलेला नाही. अधिकारी बाई असतील तर आणखी एक भान हवं. मॅडमच्या साड्या, मॅडमचं दिसणं, ‘मॅडम रागावल्या की आणखी छान दिसतात’ असली वाक्यं अजूनही ऐकू येतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रार करणारी वरच्या पदावर आहे की खालच्या हे बघत नाही. नकोशी लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी ती शेरेबाजीच, बोलणारा कनिष्ठ असला तरी.

आणि शेवटचा हशा स्वतःवर घ्यायचा. हे बोलायला सोपं आहे, म्हणून करून दाखवतो. त्याच साहेबांना लाल शाईची सवय होती. मसुदा गेला की रक्तबंबाळ होऊन परत यायचा. यावर एक वक्ता म्हणेल, “साहेबांना दुसऱ्याचं लिखाण कधी पटलंच नाही.” हे खरं असेल, पण यात साहेब आडमुठे ठरतात आणि बोलणारा न्यायाधीश होतो. माझ्या कार्यालयातल्या एका जुन्या लिपिकबाईंनी तोच माल असा मांडला: “माझा पहिला मसुदा साहेबांकडून परत आला तो मी अजून जपून ठेवलाय. लाल शाईतून एकच गोष्ट वाचली होती, माझी सही. तीसुद्धा चुकीच्या जागी होती.” साहेबांची लाल शाई यातही आहेच, सगळ्यांना दिसली, साहेबांनाही. पण हसलो ते बाईंना. पुढच्या आठवड्यात नव्या साहेबांनी पत्रांचे मसुदे बाईंच्या नजरेखालून जाऊ देत असं सांगितलं, हा योगायोगही असेल.

यावर त्या तरुण सहकारी मुलीचा आक्षेप मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ती म्हणाली, “म्हणजे साहेब खरंच निर्णय घेत नसतील, तरी मी असं बोलायचं की मीच तयारी न करता चर्चेला जायचे? ही तर विनोदाच्या वेष्टनातली खुशामत झाली.” झाली खरी. पण जो माणूस उद्या कार्यालयात नसणार त्याला आज सगळ्यांसमोर त्याचा दोष सांगून फाईल एक दिवसही लवकर सुटत नाही. ज्या दिवशी तिसऱ्यांदा ‘कृपया चर्चा करा’ लिहून आलं, त्या दिवशी टिपणीत ‘यापूर्वी अमुक तारखांना चर्चा झाली आहे, कृपया आदेश व्हावेत’ असं नम्रपणे लिहिलं असतं तर काही हललं असतं. आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही. मीही नाही. तीन वर्षं गिळलेलं निरोपाच्या दिवशी विनोद म्हणून बाहेर काढायचं, यात धाडस कमी आणि उशीर जास्त असतो. आणि असा गिळलेला विनोद ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतो. त्याला हसण्याच्या आधी एक कडवट वास येतो.

कागद लिहून काढावा, तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि आदल्या दिवशी साहेबांच्या स्वीय सहायकाला वाचून दाखवावा. मित्राला दाखवून उपयोग नाही, तो हसणारच. साहेबांना घरी काय बोचतं, मुलाचं लग्न मोडलंय का, तब्येतीचं काही निघालंय का, हे त्या एकट्या माणसाला माहीत असतं. तो वाचताना ज्या ओळीवर नुसता मान हलवेल ती ओळ काढून टाकायची. कारण विचारायचं नाही. आणि बोलताना नजर साहेबांवर न ठेवता शेजारी बसलेल्या वहिनींवर, किंवा मॅडम असतील तर त्यांच्या यजमानांवर ठेवायची. साहेबांना तीस वर्षांचा सराव असतो, ते कशावरही हसतात. घरच्या माणसाचा चेहरा आधी पडतो. तो पडला की कागदावर पुढे काहीही असो, “साहेब, तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार” म्हणून खाली बसायचं.

पण ही सगळी खबरदारी खालच्यानेच का घ्यायची? ज्याच्या हातात पत्ते जास्त त्याने ते आधी टाकावेत, असं मला वाटतं. मी एकदाच ते होताना पाहिलं. आमच्याकडच्या एक मॅडम निवृत्त होत होत्या, अर्थात ३१ मेलाच. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या, “बोलायच्या आधी एक सांगते. तुम्हा सगळ्यांचे अहवाल मी वीस तारखेलाच वर पाठवले आहेत. आता माझ्या हातात काही नाही.” मग स्वतःच, आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘घंटाबाई’ म्हणतो हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत आहे, असं सांगून टाकलं. टेबलावरची घंटी त्या दर पाच मिनिटांनी वाजवायच्या.

सभागृहात क्षणभर कुणालाच काही सुचेना. कुणी हात वर केला नाही. मग मागून त्यांचा शिपाई उठला. त्याला कुणी यादीत घेतलं नव्हतं. माईकही न घेता, जागेवरूनच म्हणाला, “मॅडम, तीन वर्षं तुम्ही मला विचारत होता, घंटी ऐकू येत नाही का रे? येत होती मॅडम.”